हजार रुपयांतलं पहिलं मेकअप पाऊच

सौंदर्यप्रसाधनांच्या बहुतेक दुकानांत काउंटरवर एक चकचकीत पेटी मांडलेली असते. झाकण उघडलं की आत तीस-चाळीस आयशॅडो, चार ब्लश, दोन कॉम्पॅक्ट, ओळीने लिपग्लॉस, बोटभर लांबीचा ब्रश आणि आरसा. किंमत पाचशेच्या आसपास. पहिल्यांदाच मेकअपचं सामान घ्यायला आलेल्या मुलीला हा सौदा फायद्याचा वाटतो, कारण एका लिपस्टिकच्या दुप्पट-तिप्पट पैशांत अख्खं दुकान हाती येतं. पण त्या चाळीस रंगांपैकी कॉलेजला जाताना लागणारे रंग दोन किंवा तीन. निळा, हिरवा, जांभळा वर्षभर तसेच राहतात आणि रोज लागणारा तपकिरी रंग नखाएवढ्या चौकोनात असल्यामुळे सगळ्यांत आधी संपतो. कॉम्पॅक्टच्या दोन शेड असतात खऱ्या, पण त्यातली एक तरी गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्याला जुळेल याचा भरवसा नसतो. पाचशे रुपये गेलेले असतात आणि रोजच्या वापराचं काहीच हाताशी नसतं.

समजा, लातूरहून पुण्याला शिकायला आलेली एक मुलगी आहे. वसतिगृहात राहते, मेसचे आणि बसपासचे पैसे वेगळे काढल्यावर मेकअपसाठी तिच्याकडे हजार रुपये उरतात, तेही दोन महिन्यांत मिळून. रोज वर्गात जायचं, अधूनमधून प्रेझेंटेशन द्यायचं, गॅदरिंगला जायचं आणि दिवाळीच्या सुट्टीत चुलत बहिणीच्या लग्नाला उभं राहायचं, एवढ्या प्रसंगांना पुरेल असं सामान तिला हवं आहे. हजार रुपयांत ते नक्की बसतं. फक्त कुठे स्वस्त चालतं आणि कुठे नाही, हे आधी कळायला हवं.

स्वस्त चालतं ते काजळ आणि लिपस्टिकला. दोन्हींत रंग त्वचेशी तंतोतंत जुळवायचा नसतो. काळं काजळ सगळ्यांना काळंच दिसतं आणि लिपस्टिक ओठांवर उठून दिसावी म्हणूनच लावायची असते. त्यामुळे शंभर-दोनशे रुपयांच्या पट्ट्यातल्या देशी कंपन्यांच्या या दोन्ही वस्तू बिनधास्त घ्याव्यात. कन्सीलर आणि कॉम्पॅक्टचं तसं नाही. ते त्वचेच्या रंगात विरघळून दिसेनासे झाले पाहिजेत. तिथे शेड अर्ध्या पावलाने चुकली तरी चेहरा राखाडी किंवा पिठूळ दिसतो, आणि महागडा ब्रँड घेतला म्हणून ती चूक झाकली जात नाही. तेव्हा या दोन वस्तूंवर पैसे नाही, तर वेळ जास्त खर्च करायचा.

म्हणून या मुलीने खरेदी दोन हप्त्यांत करावी. पहिल्या महिन्यात सनस्क्रीनची छोटी ट्यूब साधारण २५० रुपये, काजळ १२० आणि लिपस्टिक १८०. झाले ५५०. दुसऱ्या महिन्यात कन्सीलर १८० आणि कॉम्पॅक्ट १५०. शिवाय कानात घालायच्या कापसाच्या काड्यांचं पाकीट ४० आणि पेट्रोलियम जेलीची डबी २० रुपयांची. एकूण ९४०. दुकानागणिक आणि सवलतींप्रमाणे किमती थोड्या वरखाली होतील, पण हिशोब साधारण असाच राहतो. हप्ते पाडण्याचा आणखी एक फायदा आहे. पहिला महिनाभर नुसतं सनस्क्रीन, काजळ आणि लिपस्टिक लावून वर्गात गेलं की आपल्या चेहऱ्याला नेमकं काय झाकायची गरज आहे आणि काय नाही, हे कळतं. काहींना कन्सीलर लागतच नाही. ते १८० रुपये मग दुसऱ्या लिपस्टिकला मोकळे होतात.

सनस्क्रीन मेकअपच्या हिशोबात कशाला, असं कोणी विचारेल. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पिंपल बरं झाल्यावरही काळा डाग मागे राहतो आणि उन्हात तो आणखी गडद होतो. तोंडाभोवतीचा काळेपणाही उन्हाने वाढतो. कन्सीलर लावून झाकायचं असतं ते बहुतेक वेळा हेच. दोन बोटांवर लांब रेघ ओढावी एवढं सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला रोज लागलं, तर झाकण्याचं काम हळूहळू कमी होत जातं. फक्त घेताना मनगटावर चोळून बघावं. पांढरट थर राहिला तर त्यावर लावलेला प्रत्येक रंग फिका पडणार.

फाउंडेशन या यादीत नाही, आणि ते मुद्दामच. रोज वर्गात बसणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला संपूर्ण चेहऱ्यावर थर देण्याची गरज नसते. कन्सीलरमध्ये रंगद्रव्य फाउंडेशनपेक्षा दाट असतं, म्हणून ते ठिपक्याएवढंच लागतं आणि पाच-सहा मिलीलिटरची ट्यूबसुद्धा बराच काळ पुरते. लग्नासमारंभाच्या दिवशी थोडं जास्त झाकायचं असेल, तर तळहातावर मटारएवढ्या मॉइश्चरायझरमध्ये कन्सीलरचे दोन-तीन थेंब कालवले की हलकं फाउंडेशन तयार होतं.

आता शेड निवडण्याची गोष्ट. सगळे पैसे इथेच वाया जातात. दुकानात कन्सीलर बहुतेक जणी हाताच्या पाठीवर लावून बघतात. पण हात आणि चेहरा यांचा रंग सहसा एक नसतो. लावून बघायची जागा म्हणजे जबड्याची कड, गालाच्या खालून मानेकडे जाणारी. तिथे जवळच्या तीन शेडच्या तीन उभ्या रेघा शेजारी शेजारी ओढाव्यात. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली निर्णय घेऊ नये. सरळ दुकानाच्या दारात, उजेडात येऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघावं. जी रेघ शोधावी लागते, ती आपली शेड.

तरीही लगेच पैसे द्यायचे नाहीत. तुळशीबागेत खरेदीला गेलेली मुलगी असेल, तर तिने त्या रेघा तशाच ठेवून एक फेरी मारून यावी. त्वचेवरच्या तेलाशी आणि हवेशी संबंध आल्यावर बऱ्याच कन्सीलरचा रंग दहा-पंधरा मिनिटांत थोडा गडद किंवा नारिंगी होतो. मेकअप करणारे याला ऑक्सिडाइझ होणं म्हणतात. दुकानात अचूक वाटलेली शेड घरी वेगळी दिसते, ती यामुळे. फेरी मारून परत आल्यावर जी रेघ दिसेनाशी राहिली असेल, ती ट्यूब घ्यावी.

विक्रेत्याचा सल्ला इथे जरा तपासून घ्यावा लागतो. आपल्याकडे अजूनही 'तुम्हाला ही लाइट शेड छान उजळ दिसेल' असं सांगून एक-दोन शेड फिकी वस्तू हातात दिली जाते. हे चूक आहे आणि स्पष्ट शब्दांत नाकारलं पाहिजे. फिकी, गुलाबीसर शेड सावळ्या किंवा पिवळसर झाक असलेल्या त्वचेवर उजळ दिसत नाही, राख फासल्यासारखी दिसते. लेबलवर हनी, कॅरॅमल, वॉर्म अशी नावं असलेल्या शेडपासून सुरुवात केली तर गव्हाळ आणि सावळ्या रंगाला सहसा लवकर जुळणी सापडते. नावावर मात्र विसंबू नये, कारण एका कंपनीची हनी दुसऱ्या कंपनीच्या हनीसारखी असतेच असं नाही.

डोळ्यांखालची वर्तुळं झाकताना तर फिक्या कन्सीलरचा हमखास घोटाळा होतो. ती वर्तुळं निळसर-तपकिरी असतात आणि त्यांवर फिका रंग चढला की राखाडी पट्टा उमटतो. निळ्याला मारणारा रंग नारिंगी. म्हणून व्यावसायिक मेकअपमध्ये आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरचा पातळ थर देतात आणि मग त्वचेच्या रंगाचं कन्सीलर. २०१५ च्या सुरुवातीला भारतीय वंशाच्या अमेरिकन तरुणी दीपिका मुट्याला हिने करेक्टरच्या जागी लाल लिपस्टिक डोळ्यांखाली लावून दाखवली आणि तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला. युक्तीमागचं रंगशास्त्र बरोबर आहे. तरी लिपस्टिक डोळ्यांच्या अगदी कडेला नेऊ नये, कारण ओठांसाठी चालणारे सगळेच रंग डोळ्यांजवळ वापरायला योग्य धरले जात नाहीत आणि तिथली त्वचा फार पातळ असते. डोळ्यांपासून खाली, जिथे हाड लागतं तिथपर्यंतच ती थोपटावी.

याच कारणाने लिपस्टिक निवडताना एक अट पाळावी. ती कांडीची आणि मऊसर हवी, द्रवरूप मॅट नको. द्रवरूप मॅट लिपस्टिक ओठांवर तासन् तास टिकते हे खरं, पण ती मिनिटभरात वाळते, त्यामुळे गालावर पसरवायला गेलं तर डाग पडतो. कांडीची मऊ लिपस्टिक ओठांना लावता येते, बोटाने थोपटून गालांना ब्लश म्हणून लावता येते आणि कन्सीलरच्या ठिपक्यात किंचित मिसळली की करेक्टरचंही काम करते. एकशे ऐंशी रुपयांत तीन वस्तू आल्या. रंग विटकरी किंवा तपकिरीसर गुलाबी घ्यावा. गव्हाळपासून गडद सावळ्यापर्यंत बहुतेक सगळ्या रंगांवर तो खुलतो. फिक्कट न्यूड शेड मात्र ओठांना मुळात काळसर कड असेल तर आजारी दिसते. दुकानातली टेस्टर लिपस्टिक थेट ओठांना कधीच लावू नये. बोटाच्या टोकावर घासून बघावी, तिथली गुलाबी त्वचा ओठांच्या रंगाला मनगटापेक्षा जवळची असते.

सगळं सामान घरी आलं की थोड्याच वेळात चेहरा तयार होतो. तोंड धुऊन सनस्क्रीन लावल्यावर दहा मिनिटं थांबायचं. ते मुरायच्या आत कन्सीलर लावलं तर दोन्हींच्या गोळ्या होऊन निघतात. तेवढ्या वेळात वेणी घालून होते. मग प्रत्येक डोळ्याखाली कन्सीलरचे दोन लहान ठिपके, नाकाच्या बाजूला एकेक आणि जिथे डाग असेल तिथे एक. अनामिकेने थोपटायचं, कारण या बोटाचा दाब सगळ्यांत हलका पडतो. घासायचं नाही. बोटाच्या उबेने कन्सीलर त्वचेत बसतं, म्हणून सुरुवातीला ब्रश आणि स्पंज नसले तरी काही अडत नाही. मिनिटभर थांबून कॉम्पॅक्टचा पफ दुमडायचा आणि कपाळाचा मध्य, नाक, हनुवटी आणि डोळ्यांखाली नुसता दाबायचा. गालांवर पावडर जवळजवळ लागतच नाही.

लिपस्टिक बोटावर घेऊन हसल्यावर गाल जिथे वर येतो तिथे दोन-तीनदा थोपटायची, उरलेली ओठांना. क्रम मात्र सांभाळावा. पावडरवर मऊ लिपस्टिक थोपटली तर ठिगळं पडतात, त्यामुळे गालांवर रंग आधी आणि पावडर नंतर. भुवयांना वेगळी पेन्सिल घ्यायची गरज नाही. नव्या, स्वच्छ टूथब्रशच्या टोकाला पेट्रोलियम जेली किंचित लावून वरच्या दिशेने विंचरलं की त्या व्यवस्थित बसतात.

राहिलं काजळ. दुपारपर्यंत ते डोळ्यांखाली उतरतं, ही सार्वत्रिक तक्रार. त्याचं कारण बहुधा काजळाच्या दर्जात नसून खालच्या पापणीवर राहिलेल्या सनस्क्रीनच्या तेलात असतं. काजळ लावायच्या आधी कापसाच्या काडीने पापणीची कड पुसून घ्यावी, काजळ लावून झालं की त्याखाली पफचा कोपरा दाबून पावडर बसवावी. फरक त्याच दिवशी दिसतो. हेच काजळ वरच्या पापणीच्या केसांलगत ओढलं की आयलायनर होतं, आणि काडीच्या दुसऱ्या टोकाने ते बाहेरच्या दिशेने पुसट केलं की लग्नातल्या संध्याकाळी शोभेल असा स्मोकी डोळा तयार होतो. टोक काढता येणारी लाकडी पेन्सिल घेतलेली उत्तम, कारण दर वेळी टोक काढताना वरचा वापरलेला थर निघून जातो.

काजळ मैत्रिणींत वाटून घेऊ नये, हा नियम वसतिगृहात पाळणं अवघड असतं, पण पाळायलाच हवा. २०२३ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात डोळे येण्याची मोठी साथ पसरली होती. अशा संसर्गाला एकमेकींची पेन्सिल, रुमाल आणि टॉवेल ही सोपी वाट असते. डोळे आलेले असताना वापरलेलं काजळ बरं झाल्यावर टाकून द्यावं, त्यात १२० रुपयांचा विचार करू नये. आणि बाजारात डबीत सुटा मिळणारा सुरमा तर मुळीच घेऊ नये. पारंपरिक सुरम्यात शिशाचं खनिज सापडलेलं आहे.

स्वस्त वस्तू आणि धोकादायक वस्तू यांतला फरक किमतीवरून कळत नाही, लेबलवरून कळतो. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० चे नियम लागू आहेत आणि त्यांनुसार वेष्टनावर उत्पादकाचं नाव आणि पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावं याची तारीख आणि घटकांची यादी असावी लागते. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. ऐंशी रुपयांच्या काजळावर हे सगळं छापलेलं असेल तर ते खुशाल घ्यावं. मोठ्या परदेशी ब्रँडची दोन हजारांची लिपस्टिक कोणी दीडशेला 'फर्स्ट कॉपी' म्हणून देत असेल, तर ती घेऊ नये. तिच्यात कोणता रंग वापरला आहे याची जबाबदारी घेणारं कोणीच नसतं. बहुतेक वेष्टनांवर हल्ली दर ग्रॅमची किंमतही दिलेली असते. ती वाचली की स्वस्त वाटणारी छोटी कांडी खरोखर स्वस्त आहे का, हे तिथेच समजतं.

सगळ्यांत जपायचं ते लेबल नसलेल्या गोऱ्या करणाऱ्या क्रीमपासून. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका विद्यार्थिनीची, तिच्या आईची आणि बहिणीची बातमी आली होती. स्थानिक पातळीवर मिळालेली क्रीम वापरून तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया रोखतो, म्हणून चेहरा काही दिवस उजळ दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. आठवडाभरात गोरं करणारी, नुसत्या पांढऱ्या डबीत भरून दिलेली कोणतीही क्रीम कोणी कितीही विश्वासाने दिली तरी चेहऱ्याला लावू नये.

लेबल असलेली वस्तूही आपल्याला सोसेलच असं नाही. नवी वस्तू आली की कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून एक-दोन दिवस बघावं. खाज, लाली किंवा बारीक पुरळ आलं तर ती चेहऱ्यापर्यंत नेऊ नये.

रात्री मेकअप काढायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. घरून आणलेल्या खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब कापसावर घेऊन काजळ आणि लिपस्टिक अलगद पुसायची, मग नेहमीच्या फेसवॉशने चेहरा धुवायचा. ज्यांना पिंपल येतात त्यांनी तेल डोळ्यांपुरतं आणि ओठांपुरतंच वापरावं. खोबरेल तेलाने काहींची रंध्रं बंद होतात. कॉम्पॅक्टचा पफ आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवावा. तो तेलकट झाला की पावडरीवर कडक, चकचकीत थर चढतो आणि मग ती पफला लागेनाशी होते. तसं झालंच, तर स्वच्छ चिकटपट्टी त्या थरावर दाबून उचलली की खालची पावडर पुन्हा वापरता येते.

अनेक वस्तूंच्या मागे उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यावर १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यापासून इतके महिने ती वापरावी, असा त्याचा अर्थ. उघडल्याची तारीख पेनाने मागे लिहून ठेवली तर लक्षात राहतं. आकड्याआधीच वास बदलला, लिपस्टिकवर पाण्यासारखे थेंब दिसू लागले आणि तिला खवट वास यायला लागला, तर ती गेली असं समजावं. वसतिगृहातल्या खिडकीच्या कट्ट्यावर किंवा ओल्या न्हाणीघरात पाऊच ठेवू नये. कपाटातला एक अंधारा कोपरा त्याला पुरतो.

ही पाच मुख्य सामानं नीट वापरून संपत आली की पुढची खरेदी काय करायची, ते आपोआप ठरतं. बहुतेकींना त्या वेळी मस्कारा किंवा दुसरी, गडद मरून लिपस्टिक हवीशी वाटते. मस्काऱ्याची सगळ्यांत छोटी नळी घ्यावी, कारण उघडल्यावर तो तीन ते सहा महिन्यांतच टाकून द्यायचा असतो.

खरेदीचं बिल मागून घ्यावं आणि वस्तू संपेपर्यंत वेष्टन फेकू नये. लेबलवर परवाना क्रमांक नसेल किंवा वापरून त्रास झाला असेल, तर तक्रारीसाठी तेवढाच पुरावा हाती असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दर्जाबद्दलची तक्रार महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही देता येते.